कीबोर्डला परवानगी मागावीच लागत नाही, गोची तिथंच आहे

पोस्ट मोठी आहे. ज्यांनी फोनमध्ये मराठी लिहायला वेगळं कीबोर्ड ॲप टाकलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी घरात कुणाच्या फोनवर आहे का ते बघून मग ठरवा.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी सायबर जागृतीचा कार्यक्रम झाला. बातमीसाठी मी गेलो होतो. साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "कुठलंही ॲप घेताना ते कोणत्या परवानग्या मागतंय ते बघा. नको त्या मागत असेल तर घेऊ नका." टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली, लोक पांगले. मीही इमानदारीत तीन कॉलम बातमी दिली. मथळा होता 'परवानग्या तपासूनच ॲप घ्या'.

आज सांगतो, तो सल्ला कीबोर्डच्या बाबतीत अर्धवट आहे. अर्धवटही नाही, दिशाभूल करणारा आहे. आणि तो छापणाऱ्यांत मीही आहे, म्हणून ही पोस्ट.

त्याच कार्यक्रमाला आमच्या भागातल्या एक आशाताई आल्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी फोन पुढं केला. "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला कळत असेल. हे बघा ना, लिहायला लागलं की अक्षरांच्या वर जाहिराती येतात. परवानग्या बघितल्या मी, साहेब म्हणाले तशा. फार काही नाही त्यात. मग ठेवू का हे?"

मी फोन हातात घेतला. नावात 'मराठी' आणि 'कीबोर्ड' हे दोन शब्द असलेलं फुकटचं ॲप होतं. महाराजांच्या चित्राची थीम, सणवारांच्या शुभेच्छा, स्टिकर, सगळं. ॲपचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण अशी ॲप ढिगानं आहेत आणि एकाचं नाव घेतलं की लोक दुसरं टाकून निश्चिंत होतात. ते त्यांच्याकडं आलं कुठून? कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरून लिंक आली होती. "रिपोर्ट मराठीत टाईप करून पाठवावेत, ज्यांना जमत नाही त्यांनी हे ॲप घ्यावे." पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी पाठवलं असणार.

आणि आशाताई फोनवर काय लिहितात? कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कितवा महिना आहे, कुणाचा गर्भ पडला, कुणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि तो कुणाला सांगू नका म्हणतोय. नाव, वाडी, मोबाईल नंबर. हे सगळं त्या थीमवाल्या कीबोर्डवरून.

आता मूळ मुद्दा.

फोनमध्ये 'परवानगी' म्हणून जी यादी दिसते, तिच्यात कॅमेरा, माईक, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, मेसेज अशा गोष्टी असतात. 'तुम्ही लिहिलेलं वाचणे' अशी ओळ त्या यादीत नसते. कारण ती कीबोर्डला वेगळी मागावी लागत नाही. कीबोर्डचं कामच ते आहे. तुम्ही 'क' दाबलं हे आधी कीबोर्डला कळतं आणि मग तो ते अक्षर व्हॉट्सॲपला देतो. पासवर्डच्या चौकोनात तुम्हाला ठिपके दिसतात, पण ते ठिपके बघणाऱ्यासाठी असतात. अँड्रॉइडवर कीबोर्डला अक्षरंच माहीत असतात, कारण ती त्यानंच आत घातलेली असतात. म्हणजे एकही परवानगी न मागणारा कीबोर्ड तुमचं सगळं वाचू शकतो, आणि दहा परवानग्या मागणाराही तेवढंच वाचू शकतो.

अजून एक. तुम्ही कुठून काही कॉपी केलं तर अँड्रॉइड १० पासून मागं चालू असलेल्या ॲपना ते वाचता येत नाही. चांगला नियम आहे. पण त्यात एक सूट आहे. तुम्ही निवडलेल्या मुख्य कीबोर्डला ते दिसतं. कॉपी-पेस्टच्या सोयीसाठी ती सूट आहे, पण ओटीपी कॉपी केला तरी तो त्याच्या नजरेखालून जातो हे लक्षात असू द्या.

फोन याबद्दल इशारा देतच नाही असं नाही. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड एक खिडकी उघडतो. हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे नंबरसुद्धा, गोळा करू शकतो, अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं असतं. आशाताईंना विचारलं, हे आलं होतं का? "आलं होतं दादा. पण ते सगळ्यालाच येतं ना?" बरोबर आहे त्यांचं. सगळ्यालाच येतं. चांगल्या कीबोर्डला आणि चोरट्या कीबोर्डला शब्दशः तीच खिडकी. सगळ्यांच्या दारावर एकच 'कुत्र्यापासून सावध' पाटी लावली तर कुत्रं कुठल्या घरात आहे हे कसं कळायचं? लोक 'ओके' दाबतात, तो त्यांचा दोष नाही.

मग कीबोर्ड वाचतोच, तर प्रश्न एकच उरतो. वाचलेलं तो फोनच्या बाहेर पाठवू शकतो का? त्यासाठी इंटरनेट लागतं. आणि इथं अँड्रॉइडची दुसरी मेख आहे. इंटरनेट वापरण्याची परवानगी अँड्रॉइड तुम्हाला विचारत नाही. ॲपनं मागितली की बसवतानाच आपोआप मिळते. सेटिंगमधल्या नेहमीच्या परवानगीच्या पानावर ती दिसतही नाही आणि तिथून बंदही करता येत नाही. आशाताईंनी साहेबांचं ऐकून यादी बघितली, त्यांना 'फार काही' दिसलं नाही, ते यामुळं. जी गोष्ट बघायची होती ती त्या पानावर नव्हतीच.

ती बघायची जागा आहे, फक्त आत दडवलेली आहे. सेटिंगमध्ये `Apps`, मग ते कीबोर्ड ॲप, मग `Permissions`. तिथं उजव्या कोपऱ्यात वर तीन ठिपके असतात, ते दाबलं की `All permissions` येतं. त्या लांबलचक यादीत खाली कुठंतरी `have full network access` अशी ओळ आहे का बघा. फोनच्या कंपनीनुसार नावं थोडी इकडंतिकडं होतात, पण ओळ सापडते. ॲप घेण्याआधी बघायचं असेल तर प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर `About this app` उघडा आणि तळाशी `App permissions` मध्ये जा.

आशाताईंच्या फोनमध्ये ती ओळ होती. ती बहुतेक कीबोर्डमध्ये असते, त्यामुळं तेवढ्यावरून मी निकाल देत नाही. मग आम्ही दुसरी गोष्ट केली, आणि ती तुम्हीही आज करा. दोन मिनिटं लागतात.

आपल्यातले बरेच जण इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करतात. `mi yeto` लिहिलं की 'मी येतो' होतं. हे रूपांतर दोन पद्धतीनं करता येतं. एक, त्याचा शब्दसंग्रह फोनमध्येच उतरवलेला असतो आणि काम फोनमध्येच होतं. दोन, तुम्ही लिहिलेला शब्द कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथं मराठी होतो आणि परत येतो. कुठली पद्धत आहे हे ओळखायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना बघा, आणि आधी कधी न लिहिलेले चार-पाच शब्द लिहा. आडगावाचं नाव, आत्याचं आडनाव, असे. रूपांतर झालं तर काम फोनमध्ये होतंय. नाही झालं, आणि नेट चालू केल्यावर लगेच झालं, तर तुमचा शब्दन् शब्द बाहेर जातोय. त्यात शंका घ्यायला जागा नाही, कारण न जाता तो मराठी होऊच शकत नव्हता.

आशाताईंनी नेट बंद करून त्यांच्या वाडीचं नाव लिहिलं. अक्षरं इंग्रजीच राहिली. नेट चालू केलं, नाव मराठीत आलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे दोन वर्षं..." एवढंच म्हणाल्या.

इथं एक न्यायाची गोष्ट सांगतो. शब्द बाहेर जातो म्हणजे तो कुणी साठवून ठेवतो असं सिद्ध होत नाही. आशाताईंची यादी कुणी चोरली असं मी म्हणत नाही. म्हणता येणारही नाही, कारण सर्व्हरवर काय होतं हे ना त्यांना दिसतं, ना मला, ना त्या साहेबांना. मुद्दा हाच आहे की टीबीच्या रुग्णाचं नाव अशा ठिकाणी जात होतं, जिथं पुढं त्याचं काय झालं हे विचारायची सोय नाही. ॲपच्या पानावर संपर्क म्हणून एक जीमेलचा पत्ता होता. प्रायव्हसी पॉलिसीची लिंक दाबली तर पानच सापडत नव्हतं. आणि प्ले स्टोअरवर `Data safety` च्या खाली लिहिलेलं, कुठलाही डेटा गोळा केला जात नाही.

त्या `Data safety` वर लोक फार विसंबतात म्हणून सांगतो. ते गूगलनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र नाही. ॲप बनवणाऱ्यानं स्वतःबद्दल स्वतः भरलेला फॉर्म आहे, त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी त्याचीच. आणि खोटं पकडायला इथं फार डोकं लावावं लागलं नाही. ज्या ॲपमध्ये जाहिराती येतात त्यात जाहिरात कंपनीचा कोड बसवलेला असतो, आणि तो फोनचा जाहिरात क्रमांक, आयपी पत्ता असलं काहीतरी घेतोच. जाहिराती दाखवतो आणि 'काहीच गोळा करत नाही' म्हणतो, म्हणजे एक तर त्याला आपल्या ॲपमध्ये काय आहे ते माहीत नाही, किंवा माहीत असून लपवतोय. दोन्ही परिस्थितीत असल्या माणसाच्या हातात मी माझा पासवर्ड देणार नाही.

"पण जात असतं तर डेटा लागला असता की, त्याचा वापर तर किरकोळ दिसतोय." हे मला एका हुशार मित्रानं ऐकवलं. त्याच्यासाठी हिशोब मांडतो. समजा तुम्ही रोज पाच हजार अक्षरं लिहिता, म्हणजे भरपूरच लिहिता. महिन्याची झाली दीड लाख. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे महिन्याभराचं तुमचं सगळं लिहिणं साडेचार लाख बाइट, साडेचारशे केबी. ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एखादा ढबोळा फोटो याच्याहून मोठा असतो. मजकूर इतका हलका असतो की डेटाच्या वापरावरून चोरी पकडता येत नाही. वापर फार दिसला तर शंका घ्या, पण कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता जे म्हणतात की हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं कधी झालंय का कुठं, त्यांच्यासाठी एक झालेली गोष्ट.

एआय डॉट टाईप नावाचा कीबोर्ड होता. इस्रायलची कंपनी, जगभर कोट्यवधी लोक वापरायचे. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमटेक नावाच्या सुरक्षा संस्थेला त्यांचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला. हॅक वगैरे काही करावं लागलं नाही, त्याला पासवर्डच नव्हता. ५७७ जीबी माहिती, ३ कोटी १० लाखांहून जास्त वापरणाऱ्यांची. नावं, फोन नंबर, फोनचं मॉडेल, ठिकाण. कीबोर्डला ठिकाण कशाला लागतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

यातल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, कंपनी सांगायची की तुम्ही लिहिलेला मजकूर खासगी राहतो. डेटाबेसचा भाग तपासणाऱ्या झेडडीनेट या संकेतस्थळाच्या पत्रकारांना मात्र त्यात कीबोर्डवरून लिहिलेल्या मजकुराच्या ८६ लाख नोंदी असलेला एक तक्ता मिळाला. शोधलेले शब्द, फोन नंबर, आणि काही ठिकाणी ईमेल पत्ता व त्याचा पासवर्ड शेजारी शेजारी. कंपनीच्या संस्थापकानं नंतर माहिती तितकी गंभीर नसल्याचं सांगितलं, पण डेटाबेस उघडा होता हे काही नाकारता आलं नाही.

दुसरी गोष्ट कॉन्टॅक्ट्सची. त्या डेटाबेसमध्ये लोकांच्या फोनबुकातून उचललेल्या ३७ कोटींहून जास्त नोंदी होत्या. वापरणारे ३ कोटी आणि नोंदी ३७ कोटी. म्हणजे ज्यांनी तो कीबोर्ड कधी बघितलाही नव्हता, त्यांचेही नाव-नंबर तिथं होते, कारण त्यांच्या एखाद्या ओळखीच्यानं 'Allow' दाबलं होतं. "माझ्याकडं लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तुमच्याकडं नसेल हो. तुमच्या फोनबुकात मी आहे त्याचं काय? मला रात्री अकरा वाजता वाळूच्या गाड्यांची खबर देणारा माणूस माझ्या फोनबुकात आहे, त्याचं काय?

ती गोष्ट तिथं संपली नाही. ॲप पुढंही चालू राहिलं. २०१९ मध्ये ते प्ले स्टोअरवरून काढलं गेलं, आणि त्याच वर्षी अपस्ट्रीम या कंपनीनं सांगितलं की हा कीबोर्ड लोकांच्या नकळत त्यांच्या फोनवरून पैसे कापणाऱ्या सेवा घेण्याचा प्रयत्न करत होता. १ लाख १० हजार फोनवरून असे १ कोटी ४० लाख व्यवहार त्यांनी अडवले होते. कीबोर्डवर इमोजी छान होत्या म्हणे.

यावरून कुणी 'फक्त छोट्या कंपन्या वाईट' असा अर्थ काढेल, तर तसंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं चिनी लिपी लिहिण्याचे कीबोर्ड तपासले. नऊ कंपन्यांचे, त्यात शाओमी, ओप्पो, विवो, सॅमसंग अशी आपल्या खिशातली नावं होती. नऊपैकी आठांच्या कीबोर्डमध्ये असे दोष होते की लिहिलेलं सर्व्हरकडं जाताना वाटेतला माणूस वाचू शकेल. ते चिनी लिपीचे कीबोर्ड होते, आपल्या मराठीचे नव्हते, आणि कळवल्यावर बहुतेकांनी दुरुस्त्या केल्या. पण कारण लक्षात घ्या. शब्द सुचवण्यासाठी ते लिहिलेलं सर्व्हरवर पाठवत होते. कंपनीची नियत साफ असली तरी जे बाहेर पडलं ते गळू शकतं. म्हणून विमान मोडची परीक्षा मी सगळ्यात वर ठेवतो.

आता परवानग्यांचं. त्यांना काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. त्यावरून कीबोर्ड सुरक्षित ठरत नाही, पण हावरट आहे का ते कळतं. माईक मागतो तो बोलून लिहिण्यासाठी, ती सोय वापरत नसाल तर नाही म्हणा. कॉन्टॅक्ट्स मागतो ते नावं सुचवायला, नाही म्हटलं तर टायपिंग अडत नाही. एसएमएस वाचायची, कॉल आणि फोनची, लोकेशनची, नोटिफिकेशन वाचायची परवानगी अक्षरं उमटवायला लागत नाही. 'इतर ॲपवर दिसण्याची' परवानगी तर अजिबात नाही, कारण कीबोर्डला त्याची जागा फोन आपणहून देतो. आणि कीबोर्ड जर `Accessibility` चालू करा म्हणत असेल तर पुढं विचार न करता काढून टाका. त्या सोयीनं पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. ती अंध-अपंगांच्या मदतीसाठी आहे, थीम बदलण्यासाठी नाही. एक साधी परीक्षा: मागेल त्या सगळ्याला नाही म्हणा. तरी लिहिता येत असेल तर त्याला ते लागत नव्हतं. लिहूच देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात. तिथं बाहेरच्या कीबोर्डला `Allow Full Access` दिल्याशिवाय नेट मिळत नाही, आणि पासवर्डच्या जागी फोन आपलाच कीबोर्ड आणतो. म्हणजे मी ज्याच्यासाठी अँड्रॉइडवर एवढा आटापिटा करतोय, ते बटण तिथं समोर आहे. देऊ नका, झालं. एका कंपनीला जमतं ते दुसरीला का जमत नाही, हा प्रश्न गूगलला विचारायला हवा. आपल्या गावात आयफोन कितीजणांकडं आहे? आशाताईंकडं तर नाहीच.

मध्येच एक खुलासा, कारण परवाच्या कार्यक्रमानंतर ग्रुपवर 'कीबोर्ड तुमचा यूपीआय पिन चोरतो' असा मेसेज फिरतोय. तसं नाही. यूपीआयचा पिन तुम्ही जिथं टाकता ते आकड्यांचं पान यूपीआयच्या व्यवस्थेचं स्वतःचं असतं, तुमचा कीबोर्ड तिथं येत नाही. नीट बघा, तिथं तुमची थीम दिसत नाही. पण नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड, खरेदीच्या साईटवर टाकलेला कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे, ईमेलचा पासवर्ड, हे तुमच्या कीबोर्डवरूनच जातं. चुकीची भीती पसरवली की लोक एक दिवस घाबरतात, काही होत नाही बघून मग खऱ्या गोष्टीलाही हसतात. कृपा करून तो मेसेज पुढं पाठवू नका.

मग आशाताईंच्या फोनचं काय केलं?

माझ्या स्वतःच्या फोनवर मी हेलीबोर्ड वापरतो. त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात इंटरनेटची परवानगीच नाही. ती ओळ `All permissions` मध्ये शोधून सापडत नाही. वाचतो तोही सगळं, पण थेट पाठवायला त्याच्याकडं वाट नाही. माझ्या धंद्यात खबर देणाऱ्यांची नावं असतात, मला हे परवडतं. त्यातही फट आहे. इंटरनेटची परवानगी पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये घातली तर अँड्रॉइड मला विचारणार नाही, म्हणून मोठ्या अपडेटनंतर मी ती यादी परत बघतो.

पण आशाताईंना मी तो दिला नाही. एक तर त्यात `mi yeto` वरून मराठी होत नाही, देवनागरीच्या कळा शिकाव्या लागतात. दुसरं, मी तो घेतला एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून. बाहेरची ॲप टाकायची सवय ज्यांना नाही त्यांना ती मी लावणार नाही. लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या फाईलनं किती जणांची खाती रिकामी झाली ते आपण छापतोच.

त्यांच्या फोनमध्ये गूगलचा जीबोर्ड आधीपासून होता, नुसता बंद पडला होता. त्यात मराठी घेता येते, इंग्रजी अक्षरांतून लिहायची सोयही आहे. तो चालू केला, भाषा उतरवून घेतली, मग विमान मोडवर टाकून परत वाडीचं नाव लिहिलं. आलं. त्याला माईक आणि कॉन्टॅक्ट्स नाकारले, वापराची आकडेवारी पाठवणारं बटण प्रायव्हसीमध्ये जाऊन बंद केलं. गूगल संत आहे म्हणून नाही. त्यालाही इंटरनेट आहे, तोही वाचतो. पण तो फोन गूगलच्याच पायावर उभा आहे, ईमेल त्याचं, बॅकअप त्याचा. त्याच्यावर विश्वास टाकावाच लागतोय, आवडो न आवडो. त्याचा कीबोर्ड घेतल्यानं नवा भागीदार वाढत नाही. जीमेलच्या पत्त्यामागं बसलेला अनोळखी माणूस मात्र नवा भागीदार होता. सॅमसंगच्या फोनवर सॅमसंगच्या कीबोर्डबद्दलही मी हेच म्हणेन.

जुना कीबोर्ड नुसता बदलून ठेवला नाही, काढून टाकला. मग नव्या कीबोर्डवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर नवा पासवर्डही जुन्यालाच सांगून बसाल. जे दोन वर्षांत गेलं ते परत आणता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

ज्यांना ॲप काढायचंच नाही, थीमचा फार लळा आहे, त्यांच्यासाठी: काही कंपन्यांच्या फोनमध्ये एखाद्या ॲपचा मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करता येतात. ॲपच्या माहितीच्या पानावर डेटा वापराच्या ओळीत बघा. तिथं नुसता 'बॅकग्राउंड डेटा' बंद करायची सोय असेल तर त्यावर भागवू नका. तुम्ही लिहीत असता तेव्हा कीबोर्ड समोर असतो, मागं नसतो.

राहता राहिला तो व्हॉट्सॲप ग्रुप. मराठीत लिहा हा आग्रह मला मान्यच आहे, मी मराठीवरच जगतो. पण ज्यांना रुग्णांची नावं लिहायला लावता त्यांना कुठल्या कीबोर्डवर लिहायचं हे ग्रुपवरच्या एका फॉरवर्डवर सोडून चालणार नाही. ती लिंक कुणी तपासली होती, तपासली असेल तर कशी, आणि तालुक्यात किती फोनमध्ये ते ॲप अजून आहे, असे तीन प्रश्न मी काल संबंधित कार्यालयात लेखी दिलेत. पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो.

आणि तोवर, विमान मोडवर ज्यांचं रूपांतर बंद पडलं त्यांनी आपल्या ॲपचं नाव मला इनबॉक्समध्ये पाठवा. कमेंटमध्ये नको. आणि पाठवाल ते नव्या कीबोर्डवरून पाठवा.